आईच्या चपला आणि गेटिअरची तीन पानं

बी.कॉम.नंतर मी एम.ए. तत्त्वज्ञानाला आले. ज्ञानमीमांसेच्या पेपरला पहिल्याच ट्यूटोरियलमध्ये प्रश्न होता: ‘समर्थित सत्य विश्वास म्हणजे ज्ञान’ या व्याख्येला प्रतिउदाहरण द्या. मी लिहिलं की एका माणसाला सकाळपासून आतून वाटत होतं, आज आपल्याला लॉटरी लागणार. संध्याकाळी खरंच लागली. पण म्हणून त्याला ते ‘माहीत होतं’ असं कुणी म्हणणार नाही, तेव्हा व्याख्या चुकीची.

सरांनी शेजारी लाल पेनानं दोनच शब्द लिहिले होते: ‘समर्थन कुठाय?’

या विषयाला नव्यानं हात घालणाऱ्या बहुतेकांचं पाऊल मी इथंच घसरताना पाहिलं आहे, म्हणून आधी ते नीट सांगते. व्याख्येच्या अटी तीन. गोष्ट खरी हवी, माणसाचा तिच्यावर विश्वास हवा, आणि त्या विश्वासाला चांगला आधार हवा. लॉटरीवाल्याकडे तिसरी अटच नाही. व्याख्या स्वतःच त्याला बाहेर ठेवते आणि आपल्यालाही तो बाहेरच हवा आहे. म्हणजे माझं उदाहरण व्याख्येच्या विरुद्ध नव्हतंच, उलट तिच्या बाजूचं होतं. खरं प्रतिउदाहरण ते, जिथं तिन्ही अटी पुऱ्या होतात आणि तरीही ‘याला माहीत होतं’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

असं उदाहरण एडमंड गेटिअर यांनी 1963 साली ‘ॲनालिसिस’ या नियतकालिकात दिलं. लेख जेमतेम तीन पानांचा आहे. तो आधी स्वतः वाचा, त्याच्यावरची पुस्तकं नंतर उघडा.

त्यातलं पहिलं उदाहरण असं. स्मिथ आणि जोन्स या दोघांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. कंपनीच्या प्रमुखानं स्मिथला खात्रीनं सांगितलं आहे की जोन्सचीच निवड होणार. आणि दहाच मिनिटांपूर्वी स्मिथनं जोन्सच्या खिशातली नाणी स्वतः मोजली आहेत. दहा आहेत. या दोन गोष्टी जोडून तो म्हणतो: ज्याला नोकरी मिळणार आहे, त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी मिळते ती स्मिथलाच. आणि त्याला स्वतःला ठाऊक नाही, पण त्याच्याही खिशात दहाच नाणी आहेत. वाक्य खरं ठरलं. स्मिथचा त्याच्यावर विश्वास होता. प्रमुखाचा शब्द आणि स्वतः मोजलेली नाणी असा भक्कम आधारही होता. पण त्याला हे माहीत होतं का? वाक्य खरं झालं ते स्मिथच्या खिशातल्या नाण्यांमुळे, आणि तो तर जोन्सचा खिसा मोजून बसला होता.

इथं वर्गात एक शंका हमखास निघते, आमच्याही निघाली. स्मिथच्या मनात ‘ज्याला नोकरी मिळणार आहे’ म्हणजे जोन्सच होता ना? मग त्याचा विश्वास जोन्सबद्दलचा, आणि तो खोटाच ठरला. शंका फालतू नाही. तिचं उत्तर दुसऱ्या उदाहरणात मिळतं, म्हणून ते गाळू नका. स्मिथला वाटतं की जोन्सकडे फोर्ड गाडी आहे. आजवर तो त्याच्याकडे फोर्डच बघत आला आहे, आणि नुकतंच जोन्सनं त्याला फोर्डमध्ये बसायला बोलावलं. ब्राउन नावाचा मित्र कुठं आहे याचा मात्र स्मिथला पत्ता नाही. तरी तो तर्कानं म्हणतो: जोन्सकडे फोर्ड आहे किंवा ब्राउन बार्सिलोनात आहे. ‘किंवा’चा एक भाग खरा असेल तर सगळं वाक्य खरं, एवढाच हिशेब. पुढं निघतं काय, की जोन्सची गाडी भाड्याची आहे आणि ब्राउन योगायोगानं बार्सिलोनातच आहे. इथं ‘तो म्हणजे कोण’ हा घोळच नाही. वाक्य सरळ खरं आहे, आधार सरळ आहे, आणि ज्ञान नाही.

या उदाहरणांना उभं करणाऱ्या दोन मान्यता गेटिअर सुरुवातीलाच सांगून टाकतात. एक, चांगला आधार असलेला विश्वासही खोटा निघू शकतो. दोन, ज्या गोष्टीला आधार आहे तिच्यातून तर्कानं निघणारी दुसरी गोष्ट काढली, तर पहिलीचा आधार दुसरीला मिळतो. परीक्षेत विद्यार्थी गोष्ट रंगवून सांगतात आणि या दोन मान्यता विसरतात. पण गेटिअरला उत्तर द्यायचं तर यांतली कुठली तुम्ही नाकारता, हे तुम्हाला सांगावंच लागेल.

मला हे सगळं समजलं ते मात्र जिन्यात. भाजी घेऊन वर येत होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “आई आहे का गं घरी?” मी वर पाहिलं. दाराबाहेर आईच्या कोल्हापुरी. “हो, आहे ना,” म्हटलं. आई बाहेर गेली की त्या चपला दारात नसतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. आत गेले तर आई कट्ट्याशी पोळ्या करत होती आणि स्टुलावर मावशी बसलेली. न कळवता दुपारी आली होती. चपला तिच्या होत्या. दोघी बहिणींनी पाडव्याला एकाच दुकानातून एकाच मापाच्या घेतल्या होत्या. आईच्या चपलेचा अंगठा सकाळीच तुटला होता आणि जोड चांभाराकडे पडला होता. “काकूंना काय सांगितलंस?” आईनं विचारलं. मी म्हटलं, आहे म्हणून सांगितलं. “मग बरोबरच आहे की!”

बरोबर होतं, पण मला माहीत नव्हतं. आई शेजारच्या गल्लीत गेली असती, तरी दारात त्याच चपला दिसल्या असत्या आणि मी जिन्यातून तेच उत्तर दिलं असतं. तेव्हापासून कुठलंही उदाहरण तपासताना मी असंच करते. आधार आहे तसा ठेवते, खरी गोष्ट खोटी करते आणि बघते, माणूस तेच म्हणत राहतो का. राहिला, तर आधार आणि सत्य यांची गाठ नशिबानं पडली आहे असा संशय घ्यायला जागा आहे. मात्र हा संशयच, निकाल नव्हे. लॉटरीवालाही या चाचणीत सापडतो, म्हणून तिच्याआधी तीन अटी मोजून घ्यायच्याच.

अशी उदाहरणं गेटिअरच्याही फार आधी आपल्याकडे दिली गेली आहेत आणि ती वाचल्यावर मला खरोखर आनंद झाला. आठव्या शतकातला बौद्ध पंडित धर्मोत्तर सांगतो: वाळवंटात तहानलेल्या माणसाला मृगजळ दिसतं, तो तिथवर जातो, आणि नेमकं तिथंच खडकाखाली खरं पाणी असतं. दुसरं उदाहरण आणखी बारकाईचं आहे. मांस भाजायला आग नुकती पेटवली आहे, धूर अजून निघालेला नाही. पण मांसाच्या वासानं माशांचा थवा वर घोंघावतो. लांबून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथं आग आहे. आग आहेच. उलट बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचं मुठीतल्या कवड्यांचं उदाहरण बघा. कुणीतरी नुसत्या अंदाजानं ‘पाच’ म्हणतो आणि मूठ उघडल्यावर पाचच निघतात. ते माझ्या लॉटरीच्या जातीचं आहे, तिथं आधारच नाही. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून वाचलीत, तर सरांचा लाल शेरा तुमच्या वहीवर यायचा नाही.

आता डागडुजी. त्याच 1963 साली मायकेल क्लार्क यांनी सुचवलं की चौथी अट घाला: आधाराच्या साखळीत खोटं काही नको. हे पटतं, कारण आतापर्यंतची सगळी उदाहरणं त्यानं बाहेर पडतात. स्मिथच्या साखळीत ‘जोन्सला नोकरी मिळणार’ हे खोटं, धर्मोत्तराच्या माणसाच्या साखळीत ‘तो धूर आहे’ हे खोटं, माझ्या साखळीत ‘या चपला आईच्या’ हे खोटं. मीही पहिल्या सत्रात इथंच थांबून समाधानानं पेपर लिहिला होता.

पण ही अट नको त्यालाही हाकलते. व्याख्यानाच्या दिवशी मी सभागृहात माणसं मोजली, 53 भरली. हातात 40 प्रती होत्या, तेव्हा प्रती पुरणार नाहीत हे मला कळलं. प्रत्यक्षात माणसं 52 होती, एकजण जागा बदलून दोनदा मोजला गेला. साखळीत खोटा आकडा आहे, तरी प्रती पुरणार नाहीत हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

मग अट जरा सैल करू, दुसरी लावू, असं करत पुढची कित्येक वर्षं गेली. 1994 साली लिंडा झॅगझेब्स्की यांनी दाखवलं की हे शिवणकाम का संपत नाही. तुम्ही आधाराची अट कितीही कडक करा. जोवर ती पाळूनही विश्वास खोटा निघण्याची फट उरते, तोवर त्या फटीत बसणारा एक दुर्दैवी माणूस शोधायचा, आणि मग वेगळ्याच नशिबानं त्याचं म्हणणं खरं करून टाकायचं. स्मिथचं दुर्दैव म्हणजे जोन्सची निवड झाली नाही, सुदैव म्हणजे स्वतःच्या खिशातली नाणी. फट पूर्ण बुजवायची, तर आधार असला की गोष्ट खरीच, असं म्हणावं लागतं. मग आपला रोजचा बहुतेक व्यवहार ज्ञानाबाहेर जातो.

आणि या कृतीत न बसणारंही एक उदाहरण आहे. ॲल्विन गोल्डमन यांनी ते 1976 साली मांडलं. हेन्री गाडीतून जाताना शेतातलं एक कोठार बघतो आणि म्हणतो, ते कोठार आहे. आहेच ते. पण त्या भागात इतरत्र नुसते दर्शनी देखावे उभे केले आहेत, रस्त्यावरून हुबेहूब कोठारं वाटावीत असे. हेन्रीची नजर नेमकी खऱ्यावर पडली. त्याच्या साखळीत खोटं काहीच नाही. क्लार्क यांची अट इथं हातच लावत नाही, तरी गोल्डमन यांच्या मते त्याला ज्ञान नाही. इतर उदाहरणांवर जवळपास एकमत आहे, इथं मात्र जाणकारांतही फाटाफूट आहे. म्हणून परीक्षेत ‘सर्वमान्य प्रतिउदाहरण’ असं याच्याबद्दल लिहू नका.

दुसऱ्या सत्रात मी चपलांची गोष्ट ट्यूटोरियलमध्ये लिहिली. सरांनी समासात विचारलं: ‘समजा दारात खरोखर आईच्याच चपला होत्या, आणि मावशीनं त्या दिवशी आपल्या काढून पिशवीत ठेवल्या होत्या. मग?’ मी दोन दिवस त्या प्रश्नाशी झगडले. माझं उत्तर आजही तेच आहे: तेव्हा मला माहीत होतं. मी आईच्याच चपला पाहिल्या आणि त्यांच्यावरूनच बोलले, पिशवीतल्या जोडानं माझ्या बघण्यात काही ढवळाढवळ केली नाही. मग हेन्रीलाही ज्ञान होतं असं मला म्हणावं लागतं, आणि ते मी म्हणते. माझी मैत्रीण त्याच बाकावर बसून उलट लिहीत होती. तिचं म्हणणं, मावशीनं चपला बाहेर काढल्या असत्या तरी तू तेच बोलली असतीस.