नागपूरचे ‘९५१’ वाचताना या चुका टाळा

२००१ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९३२ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये त्या ९५१ झाल्या. त्याच दहा वर्षांत शून्य ते सहा वयोगटातले गुणोत्तर मात्र ९४० च्या आसपास होते ते ९३० च्या आसपास उतरले. पहिला आकडा भाषणात आणि शाळेच्या प्रकल्पात झळकतो, दुसरा मागे राहतो. मग ‘जिल्ह्यात मुलींची स्थिती सुधारली’ असे सहज लिहिले जाते, आणि ते चूक आहे.

एकूण आकडा वाढला म्हणजे मुली वाढल्या, असे धरणे

एकूण गुणोत्तरात महालातली ऐंशी वर्षांची आजी येते, तसा हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आलेला तरुणही येतो. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. आयुर्मान वाढले की वृद्ध स्त्रियांची संख्या वाढते आणि गुणोत्तर वर सरकते. देशात २०११ मध्ये साठीपुढच्या वयात हजार पुरुषांमागे १०३३ स्त्रिया होत्या. स्थलांतराचा परिणाम याहून मोठा असू शकतो. रत्नागिरीचे गुणोत्तर ११२२ दिसते, कारण तिथले पुरुष कामासाठी मुंबईला गेलेले असतात. जन्मात काहीही बदल न होता एकूण आकडा असा हलतो. लहान मुले कामासाठी एकटी गाव सोडत नाहीत, म्हणून त्यांच्या आकड्यावर या गोष्टींची छाया फारशी पडत नाही.

लहानांमधली घट एकूण आकड्यात दिसत का नाही, हे राज्याच्या हिशेबातून स्पष्ट होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाचे मुलगे साधारण ७० लाख ३५ हजार होते आणि मुली ६२ लाख ९० हजार, म्हणजे गुणोत्तर ८९४. दहा वर्षांपूर्वी ते ९१३ होते. ते ९१३ वरच टिकले असते, तर सुमारे १ लाख ३४ हजार मुली जास्त असत्या. आता ही संख्या राज्यातल्या ५ कोटी ८२ लाख पुरुषांच्या हिशेबात मांडा: हजारामागे जेमतेम दोन-सव्वादोन. लहानांमधली १९ अंकांची घसरण एकूण आकड्याला एवढीच खाली ओढू शकते. बाकीच्या वयोगटांनी तो वर ढकलला आणि राज्याचे एकूण गुणोत्तर ९२२ चे ९२९ झाले. सव्वा लाखाहून जास्त मुलींची तूट त्या ‘सुधारणे’खाली झाकली गेली.

९५१ म्हणजे ‘नैसर्गिक’ समजणे

नागपूरच्या बाबतीत ही चूक फार फसवी आहे. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. हे वाचलेला माणूस नागपूरचे ९५१ पाहतो आणि इथे गर्भलिंगनिवड होत नाही, असा निर्वाळा देतो. पण ९५० ही जन्माची पट्टी आहे आणि ९५१ सगळ्या वयांची बेरीज. त्या पट्टीशी बालगटाचा आकडा ताडायचा. तिथे नागपूर कमी पडते.

उलट बाजूची चूकही होते. बालगटाला हजाराची अपेक्षा लावली की ९४५ सुद्धा भीषण वाटते, आणि खरी तूट असलेला बीडचा ८०७ त्याच यादीत हरवतो.

बालगट आणि जन्माचा आकडा एकच मानणे

शून्य ते सहा म्हणजे सात वर्षांचे जन्म. २०११ च्या बालगटात मार्च २००४ ते फेब्रुवारी २०११ मध्ये जन्मलेली मुले आहेत, आणि त्यातूनही जगलेलीच. मुलीला दवाखान्यात उशिरा नेले, तिच्या आजारपणाकडे दुर्लक्ष झाले, तर तेही या आकड्यात उतरते. गर्भलिंग तपासणीबंदी कायद्याचा परिणाम पाहायचा असेल, तर जन्मनोंदणीतले वर्षवार गुणोत्तर घ्यावे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचे एकूण गुणोत्तर १०२० आले, तेव्हा पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त झाल्याच्या बातम्या गाजल्या. त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे गुणोत्तर ९२९ होते. शिवाय हे सर्वेक्षण घरोघरी होते. वसतिगृहे, बराकी, कामाच्या ठिकाणचे मुक्काम त्यातून सुटतात आणि तिथे पुरुष जास्त असतात. म्हणून त्याचा आकडा जनगणनेच्या आकड्याशेजारी ठेवून वाढ मोजू नये.

हंगामी आणि अंतिम आकडे मिसळणे

राज्याचे २०११ चे बालगुणोत्तर आधी ८८३ जाहीर झाले, अंतिम ८९४ आले. तुलना करताना दोन्ही वर्षांचे अंतिमच आकडे घ्या.

गावाच्या आकड्यावर निकाल देणे

समजा रामटेककडच्या एका गावात सहा वर्षांपर्यंतचे ६० मुलगे आणि ५१ मुली आहेत. गुणोत्तर ८५० आले आणि ग्रामसभेत बोट दाखवले गेले. पण मुली फक्त सहा जास्त असत्या, तर तोच आकडा ९५० झाला असता. एवढ्या लहान संख्येत असा फरक निव्वळ योगायोगाने पडतो. दहा हजार मुलांच्या गटातही ३०-४० अंक इकडे-तिकडे होऊ शकतात. म्हणून गावाऐवजी तालुका घ्या, एका वर्षाऐवजी पाच वर्षांचे जन्म एकत्र करा. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अपत्याचे आकडे वेगळे काढा. पहिल्या अपत्यात गुणोत्तर ९५० च्या आसपास आणि दोन मुलींनंतरच्या तिसऱ्या अपत्यात ते एकदम कोसळलेले दिसले, तर तो योगायोग नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्या तालुक्यातल्या सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी तपासायला हव्यात.