फोटोतला पेपर टाइप करायला घेण्याआधी

सांगलीत विश्रामबागला माझं टायपिंगचं काम चालतं. परीक्षा जवळ आल्या की तासगाव, मिरजेकडचे शिक्षक फोनवर पेपरचे फोटो पाठवतात. त्यातला दहावीच्या बीजगणिताचा ४० गुणांचा सराव पेपर उदाहरणाला घेते, कारण चुका सगळ्यात जास्त त्यातच होतात.

फोटो आला की आधी त्याची उजवी कड बघा. गुणांचे आकडे तिथेच असतात आणि नेमकी तीच कड घडीत, अंगठ्याखाली किंवा सावलीत गेलेली असते. एक जरी आकडा दिसत नसेल तर लगेच फोन करून पुन्हा फोटो मागवा. कागद सपाट ठेवून, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून काढलेला फोटो हवा. अंदाजाने गुण घालू नका. पानं किती आहेत आणि मागची बाजू आली आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

यानंतर मजकुराला हात न लावता कागदावर पेपरचा सांगाडा लिहा. आमच्या पेपरचा असा होता: प्रश्न १ (अ) बहुपर्यायी चार, गुण ४, १ (ब) चार, गुण ४, २ (अ) तीनपैकी दोन कृती, गुण ४, २ (ब) पाचपैकी चार, गुण ८, ३ (अ) दोनपैकी एक कृती, गुण ३, ३ (ब) चारपैकी दोन, गुण ६, ४ मध्ये तीनपैकी दोन, गुण ८, ५ मध्ये दोनपैकी एक, गुण ३. बेरीज ४०. आता विकल्पासकट सगळे उपप्रश्न धरून पुन्हा बेरीज करा, ती ६० येते. दोन्ही आकडे सांगाड्याखाली लिहून ठेवा. टायपिंग झाल्यावर तयार पानावरून हेच दोन आकडे पुन्हा काढायचे. ४० जुळले आणि ६० ऐवजी ५७ आले, तर तीन गुणांचा एक उपप्रश्न गळाला आहे, म्हणजे प्रश्न ३ किंवा ५ मध्येच शोधायचं. नुसती ४० ची बेरीज ही चूक कधीच दाखवत नाही, कारण ‘कोणतेही दोन’ ही सूचना तशीच राहिलेली असते.

सांगाडा आधी वर्डमध्ये मांडा. ए-फोर पान, दोन्हीकडे २ सेंमी समास म्हणजे मजकुराला १७ सेंमी मिळतात. १७ सेंमीवर उजवा टॅब लावा आणि गुणांचे आकडे टॅबने तिथे न्या. स्पेसबार दाबून सरकवलेले आकडे फाँट बदलला की वाकडेतिकडे होतात. प्रश्न क्रमांक आणि (अ), (ब) मी हातानेच टाइप करते. वर्डच्या आपोआप क्रमांकात अ, ब हा आपला क्रम मिळत नाही, आणि मधली एक ओळ पुसली की पुढचे सगळे आकडे न सांगता सरकतात. प्रश्नाच्या शीर्षक-ओळीला Keep with next लावा, म्हणजे ती पानाच्या तळाशी एकटी राहत नाही.

मजकूर गूगल डॉक्सने फोटोतून उचलून घेतला तरी चालेल, पण तो कच्चा माल समजा. त्यात गुण वेगळ्या ओळीत पडतात, चार पर्यायांचा क्रम उलटसुलट होतो आणि घातांक खाली उतरतात. समीकरण Alt + = दाबून नव्यानेच लिहा, आणि प्रत्येक गणित सोडवून बघा. आमच्या पेपरात अवयव पाडून सोडवायचं वर्गसमीकरण फोटोत असं वाचलं गेलं:

```
x^2 - 15x + 64 = 0
```

याचे अवयवच पडत नाहीत, कारण 225 - 256 = -31. फोटो मोठा करून पाहिला तर ६ च्या जागी ५ होता. 54 घातल्यावर मुळं ९ आणि ६ आली. पुसट फोटोत ५-६ आणि १-७ यांची गफलत अशीच सापडते. वजाचं चिन्हही याच वेळी तपासा.

कृतीतल्या रिकाम्या चौकटी मात्र फोटोवर बोट ठेवून मोजा. मजकूर उचलताना त्या गळतात किंवा त्यांचं शून्य होतं, आणि ‘6 + □’ चं ‘6 + 0’ झालं की कृतीच बिघडते. चौकटीसाठी Ctrl + Shift + Space ने चार-पाच मोकळ्या जागा घालून त्यांना बॉर्डर द्या; ती ओळीच्या शेवटी तुटत नाही.

फाँट युनिकोडच ठेवा आणि शिक्षकांना पीडीएफ पाठवा, म्हणजे त्यांच्या फोनवर जोडाक्षरं फुटत नाहीत. छपाईआधी एक प्रत काढून दुसऱ्या कुणाला तरी मूळ फोटो मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही छापील पानावर पेन्सिल फिरवा. गुणांचे आकडेसुद्धा वाचून घ्यायचे. आमच्याकडे हे काम माझी जाऊबाई करते, आणि त्या दिवशी प्रश्न २ (ब) मधला ‘कोणतेही चार’ हा राहिलेला शब्द तिनेच पकडला.