चिरलेल्या वांग्यात अळी किंवा पोखरण दिसली तर : या चुका टाळा

वांग्याला बाहेरून छिद्र असले म्हणजे आत अळी आहे आणि साल अखंड असली म्हणजे वांगे स्वच्छ आहे, असे समजून आठवडी बाजारात वांगी निवडणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा याच्या उलट घडलेले असते. शेंडे व फळे पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडते तेव्हा इतकी बारीक असते की, ती ज्या वाटेने कोवळ्या फळात शिरते ती वाट फळ वाढताना मिटून जाते आणि बाहेरून दिसत नाही. आपल्याला दिसणारे गोल, ठसठशीत छिद्र हे सहसा पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्यासाठी ज्या वाटेने बाहेर पडली, तिचे असते. म्हणून छिद्राच्या वांग्यात अनेकदा अळी सापडत नाही, फक्त पोखरण आणि विष्ठा सापडते. तर गुळगुळीत, चकाकत्या वांग्यात फिकट गुलाबी, दीडएक सेंटिमीटरची अळी आरामात बसलेली असते.

अळीला आत शिरायला देठाच्या हिरव्या टोपीखालची जागा विशेष आवडते. भरल्या वांग्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. खालून चार फाका पाडायच्या, देठ तसाच ठेवायचा आणि शेंगदाणे, तीळ, कारळ यांचा मसाला भरायचा, या पद्धतीत नेमका टोपीखालचा भाग न पाहिलेला राहतो. टोपीच्या पाकळ्या नखाने उचलून पाहाव्यात आणि फाका देठापर्यंत नेऊन उघडून पाहाव्यात. भरताचे वांगे अखंड भाजणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण भाजल्यावर गर आणि अळी यांतला फरक कोणालाच कळत नाही. भाजण्यापूर्वी एक उभी चीर देऊन आत पाहावे; त्याने भरताची चव बिघडत नाही.

आत जे दिसते त्याचा अर्थही नीट लावला पाहिजे. चिरल्यावर थोड्या वेळाने सगळा गर सारखा तपकिरी होतो, तो हवेमुळे. जून वांग्यात बिया काळपट असतात, त्या पक्वतेमुळे. पोखरण मात्र एका वाटेने वळत जाते, तिच्या कडा तपकिरी असतात आणि आत ओलसर काळसर भुशासारखी विष्ठा भरलेली असते. ही विष्ठा दिसली की शंका उरत नाही.

समजा, एका वांग्याच्या चार फाकांपैकी एकीत अशी वाट आहे, बाकी गर पांढरा, घट्ट आणि वासाने स्वच्छ आहे. ही अळी माणसाच्या पोटात जगत नाही आणि विषारीही नसते, त्यामुळे पूर्ण वांगे फेकण्याचे कारण नाही. वाट जिथे संपते तिथपर्यंत चीर नेऊन तिच्याभोवतीचा बोटभर गर काढून टाकावा आणि उरलेले शिजवावे. मात्र वाट चारही फाकांत पसरली असेल, गर चिकट झाला असेल, आंबूस वास येत असेल किंवा बुरशीचे पांढरे तंतू दिसत असतील, तर ते टाकूनच द्यावे. खरा त्रास अळीचा नसून तिच्या मागून शिरणाऱ्या कुजीचा असतो, आणि येसर घालून कितीही उकळले तरी कुजलेला गर चांगला होत नाही.

"अळी आहे म्हणजे औषध मारलेले नाही," असे विकणारेही सांगतात आणि घेणारेही मानतात. ते खरे धरू नये. एकदा फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचतच नाही, त्यामुळे वारंवार फवारलेल्या वांग्यातही ती असू शकते. धुणे दोन्ही प्रकारच्या वांग्यांना सारखेच आवश्यक आहे.

चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकली की अळ्या बाहेर येतात, हा भरवसाही चुकीचा आहे. गराच्या आत बसलेली अळी त्याने निघेलच असे नाही. हा उपाय फुलकोबीसाठी योग्य आहे, कारण तिथे हिरव्या अळ्या आणि मावा बहुधा तुऱ्यांच्या बेचक्यांत, म्हणजे बाहेरच असतात. तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत आणि नंतर वाहत्या पाण्यात धुवावेत. कोबीतली अळी मेंदूत जाते अशी जी भीती घातली जाते, ती पट्टकृमीच्या अंड्यांविषयीची गफलत आहे. ती अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, दूषित माती-पाण्यातून कच्च्या भाजीवर येतात आणि नीट शिजवल्यावर नष्ट होतात. दिसणाऱ्या हिरव्या अळीचा त्यांच्याशी संबंध नाही. फुलकोबीचा दांडा आतून पोकळ असेल पण विष्ठा नसेल, तर तो वाढीतला दोष असतो आणि भाजी खाता येते.

पेरूला हा हिशेब लावू नये. पावसाळी पेरूत फळमाशी सालीखाली अंडी घालते आणि पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या गर आतून मऊ करीत जातात. तिथे एकच वाट नसते, भोवतालचा गर आधीच आंबलेला असतो आणि फळ तर कच्चेच खायचे असते. म्हणून पांढऱ्या अळ्यांसह गर पाणचट किंवा तपकिरी दिसला, की पूर्ण फळ टाकावे. परसात पेरूचे झाड असेल तर ते तिथेच भिरकावू नये, कारण अळ्या फळातून निघून मातीतच कोषात जातात आणि पुढच्या फळांवर नव्या माश्या येतात. असे फळ खोल खड्ड्यात पुरावे किंवा पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावे.