बीटा एचसीजी डबल नाही झाला? रिपीट टेस्टच्या वेळी या चुका टाळा

मी लॅबच्या काउंटरला बसते, त्यामुळे "ताई, डबल नाही झाला हो" हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. एक केस सांगते, त्यात बहुतेक सगळ्या चुका आल्यात.

तिची पाळी चुकून आठवडा झालेला, थोडं स्पॉटिंग होतं. सोमवारी सकाळी नऊला आमच्याकडे रक्त दिलं, बीटा, म्हणजे रक्तातल्या प्रेग्नन्सीच्या हार्मोनचा आकडा, आला 640. डॉक्टरांनी 48 तासांनी परत सांगितलेलं पण हिला धीर कुठला, मंगळवारी संध्याकाळी सहाला ऑफिसजवळच्या दुसऱ्याच लॅबमध्ये जाऊन आली. तिथे 870. म्हणजे वाढ 36 टक्के, आणि नेटवर वाचलेलं की दोन दिवसांत डबल व्हायलाच पाहिजे, मग काय, रात्रभर रडारड.

पहिली चूक इथेच. सोमवार सकाळ ते मंगळवार संध्याकाळ हे 33 तास झाले, 48 नाही. त्याच वेगाने 48 तास धरले तर वाढ साधारण 56 टक्के होते. त्यात लॅब वेगळी, मशीन आणि किट वेगळं, एकच रक्त दोन्हीकडे दिलं तरी आकडा सारखा येईलच असं नाही. म्हणून रिपीट टेस्ट त्याच लॅबमध्ये, शक्यतो त्याच वेळेला करा, आणि रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची जी वेळ असते ती बघून तास मोजा, तारखा मोजू नका.

दुसरी चूक म्हणजे ते "डबल" डोक्यात धरून बसणं. पहिला आकडा 1500 च्या खाली असेल तर 48 तासांत निदान 49 टक्के वाढ अपेक्षित असते, 1500 ते 3000 मध्ये 40 टक्के, त्याच्या वर 33 टक्के. आकडा मोठा होत जातो तसा वेग कमी होतो, हे नॉर्मल आहे. उलट दहाव्या आठवड्याच्या आसपास तो शिखर गाठून आपला आपण उतरायला लागतो, तेव्हा बाराव्या आठवड्याला बीटा करून "कमी झाला" म्हणून घाबरण्यात काही अर्थ नाही.

गुरुवारी सकाळी नऊला ती परत आमच्याकडे आली, 1190. सोमवारपासून 72 तास, हिशेब केला तर 48 तासांना 51 टक्के. घरी सगळे खूश, पेढ्यांची भाषा सुरू. पण 49 ही अगदी तळाची रेघ आहे, ती जेमतेम ओलांडली म्हणजे पास झालं असं नसतं, आणि बीटा कितीही छान वाढला तरी गर्भ गर्भाशयातच आहे की ट्यूबमध्ये हे तो आकडा सांगत नाही. डॉक्टरांनी शनिवारी परत बोलावलं, तेव्हा 1490. दोन दिवसांत फक्त 25 टक्के.

मग सोनोग्राफी. गर्भाशयात काही दिसलं नाही, पण एवढ्यावरून निकाल लावायचा नसतो कारण 1490 ला नॉर्मल गर्भसुद्धा कधीकधी दिसत नाही, सुमारे 3500 पर्यंत थांबून बघतात. इथे मात्र डाव्या ओव्हरीशेजारी वेगळी गाठ दिसली. ट्यूबमधली प्रेग्नन्सी. तिला दुखत नव्हतं म्हणून वेळ मिळाला. एका बाजूला जोरात दुखणं, खांद्यात कळ, चक्कर यातलं काहीही झालं तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता रात्री दोनला पण हॉस्पिटल गाठायचं.

आता आकडा खाली येतो तेव्हाची चूक. "पडलंच ना, आता कशाला टेस्ट" म्हणून येणंच बंद करतात. गर्भपात आपोआप होत असेल तर दोन दिवसांत निदान 21 ते 35 टक्के उतार पडतो, सुरुवातीचा आकडा मोठा तसा जास्त. 1500 चा 1300 झाला तर तो 13 टक्केच, म्हणजे आत काही राहिलंय किंवा ट्यूबमध्ये आहे अशी शंका घ्यायला पाहिजे. उतरता बीटा असतानाही ट्यूब फुटू शकते, म्हणून डॉक्टर तो 5 च्या खाली जाईपर्यंत बोलावतात.

परत त्या केसकडे येते. तिला ट्यूबमधल्या गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद केली, ती चालू ठेवली तर औषधाचा जोर कमी होतो. चौथ्या दिवशी बीटा 1710, वाढलेला! काउंटरवरच रडायला लागली. पण चौथ्या दिवशी तो वाढलेला असणं नेहमीचं आहे, बघायचं असतं चौथ्या ते सातव्या दिवसाचा उतार, तो निदान 15 टक्के हवा. सातव्या दिवशी 1320 आला, म्हणजे जवळपास 23 टक्के. मग दर आठवड्याला येत राहिली, सहाव्या आठवड्याला रिपोर्टवर 5 पेक्षा कमी असं छापून आलं.