अनंताच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात? या चुका टाळा

अनंताची कळी टपोरी होते, टोकाशी पांढरं दिसू लागतं आणि एका सकाळी ती तपकिरी होऊन मातीवर पडलेली असते. मग हमखास प्रश्न येतो, "खत कोणतं घालू?" खत राहू द्या. आधी कुंडी हलवणं थांबवा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या पहिल्या अनंताला आणलं तेव्हा एकोणीस कळ्या होत्या. दोन दिवस दिसायला छान म्हणून बैठकीत, एसीच्या झोतासमोर. मग ऊन हवं म्हणून खिडकीत, तिथे पानं कोमेजली म्हणून गच्चीत. दहाव्या दिवसापासून कळ्या गळायला लागल्या आणि मी गच्चीतल्या उन्हाला दोष दिला. खरा घोटाळा आधीच झाला होता. नर्सरीतल्या दमट सावलीत वाढलेलं झाड कोरड्या हवेत आलं की पानांतून पाणी भराभर उडतं, मुळांना तेवढं पुरवता येत नाही आणि झाड सगळ्यात आधी कळ्यांवरच पाणी सोडतं, अगदी शब्दशः. देठाचा सांधा सुटतो. पण कळी पडते काही दिवसांनी, त्यामुळे चूक नेहमी भलत्याच गोष्टीची निघते.

आता मी झाड आणलं की भरपूर उजेडाची, दुपारचं ऊन टळणारी जागा ठरवतो आणि कुंडीच्या उजेडाकडच्या बाजूला खडूने रेघ मारतो. कळ्या असेपर्यंत ती रेघ फिरत नाही. कुंडी बदलायची तीही फुलं होऊन गेल्यावरच.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती फसवी आहे. कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की आकसतं आणि पाणी पटकन धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली येतं, बशी भरते, आपण समाधानी. मुळांचा गोळा मात्र आत कोरडाच. कुंडी उचलून बघा, पाणी घालूनही हलकी लागली तर हेच झालंय. अर्धा तास टबातल्या पाण्यात बसवा, मग पूर्ण निथळू द्या. त्यानंतर घाबरून रोज तांब्याभर ओतू नका. कोरडेपणात बारीक मुळं मेलेली असतात, ती ओल्या चिखलात सडतात. माती ओली असूनही पानं पिवळी पडत असतील तर हात आवरा. मी बोट एक पेर आत घालून बघतो, तिथे सुकं लागलं तरच पाणी.

फवारा मारून हवा दमट होते हा भ्रम आहे, पाच-दहा मिनिटांत सगळं वाळतं. त्यापेक्षा चार कुंड्या जवळजवळ ठेवा.

एवढं सगळं सांभाळूनही कळ्या गळत असतील तर एक कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट किडे सरपटले तर ते फुलकिडे.

माझ्या त्या एकोणीसपैकी तीनच उमलल्या, तेही मी कंटाळून झाडाकडे बघणं सोडल्यावर.