सिरियल अ‍ॅडर: ६ अधिक ७ बरोबर ७? या चुका टाळा

नाशिकमध्ये डिप्लोमाच्या मुलांची प्रॅक्टिकल घेताना एक तक्रार दर वर्षी ऐकू येते: "सर, सर्किट बरोबर आहे, उत्तर चुकतंय." गंमत म्हणजे बहुतेक वेळा सर्किट खरंच बरोबर असतं.

सिरियल अ‍ॅडर दोन संख्यांच्या बिटांची एका क्लॉकला एकच जोडी मिळवतो. मशीन छोटंच आहे. हातचा ० किंवा १, अशा दोनच स्टेट. तो हातचा लक्षात ठेवायला ७४७४ आयसीमधल्या दोनपैकी एक डी फ्लिप-फ्लॉप पुरतो. खाली A आणि B हे जोडीचे बिट, C आत्ताचा हातचा, C+ क्लॉकनंतरचा हातचा, S बेरजेचा बिट आणि ^ म्हणजे एक्स-ऑर.

```
S  = A ^ B ^ C
C+ = A·B + C·(A ^ B)
```

६ म्हणजे ०११०, ७ म्हणजे ०१११. उजवीकडून जोड्या देऊ: ०-१, १-१, १-१, ०-०. बेरजेचे बिट क्रमाने १, ०, १, १ येतात. ते उलटे लिहिले की ११०१, म्हणजे १३.

परवा एकाला मात्र १, १, १, ० मिळाले, म्हणजे ७. तो स्विच लावायचा, क्लॉक द्यायचा आणि मग एलईडी बघायचा. हे मीली मशीन आहे, त्याचं आउटपुट आत्ताचं इनपुट आणि आत्ताची स्टेट यांवर ठरतं. क्लॉक दिला की हातचा बदलतो, पण स्विचवर जुनीच जोडी असते. एलईडीवर जुनी जोडी आणि नवा हातचा यांची बेरीज दिसते. म्हणून आधी वाचा, मग क्लॉक द्या.

हीच चूक आहे का, हे ओळखायला कुठलीही संख्या तिच्यातच मिळवा. ५ अधिक ५ बरोबर ५ आलं, तर नक्की हेच. दोन्ही बिट सारखे असले की नवा हातचाही तोच बिट होतो आणि तिघांचा एक्स-ऑर पुन्हा तोच येतो.

क्लॉकनंतरच वाचायचं असेल, तर ७४७४ मधला दुसरा फ्लिप-फ्लॉप रिकामाच असतो. त्याच्या डीला S द्या, क्लॉक तोच ठेवा आणि एलईडी त्याच्या क्यूवर लावा. क्लॉकच्या क्षणीचा बरोबर बिट त्यात अडकतो.

मुलं इथे बटणाच्या बाउन्सला दोष देतात. स्विच तेच असतील, तर जादा क्लॉकने हातचा बिघडत नाही. सूत्रात घालून बघा. पण S दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपमध्ये धरला असेल, तर जादा क्लॉकने त्यात जुनी जोडी आणि नवा हातचा यांचा चुकीचा बिट जातो, आणि इनपुट शिफ्ट रजिस्टरमधून येत असेल, तर बिट निसटतात. तिथे डिबाउन्स लागतोच.

डावीकडून बिट देणं ही दुसरी चूक. ६ अधिक ७ चे २ होतात, पण ५ अधिक २ चे ७ बरोबर येतात, कारण तिथे हातचाच नाही. तपासायला हातच्याचंच उदाहरण घ्या.

आणि उरलेला हातचा. ९ अधिक ८ चार बिटांत केलं की ०००१ दिसतं, १ फ्लिप-फ्लॉपमध्येच राहतो. लगेच ३ अधिक ४ केलं तर ८ येतात. पाचव्यांदा ०-० द्या: तो १ बाहेर येतो, १७ पुरे होतात आणि क्लॉकनंतर फ्लिप-फ्लॉपही शून्यावर येतो. चालू करताना मात्र क्लिअर पिन क्षणभर ग्राउंडला लावून पुन्हा पाच व्होल्टला जोडा. ती ग्राउंडलाच राहिली, तर हातचा कधीच धरला जात नाही आणि ६ अधिक ७ चं उत्तर १ येतं.