वेग-काल आलेखावरून अंतर काढताना या चुका टाळा

थांब्यावरून सुटलेली एसटी ३० सेकंदांत ताशी ५४ किमी वेग घेते, २ मिनिटे त्याच वेगाने धावते, मग ब्रेक लागतो आणि २० सेकंदांत थांबते. दोन थांब्यांमधलं अंतर किती? नववीच्या मुलांना मी हे गणित दरवर्षी देतो, आणि चुका ठरावीक ठिकाणीच होतात.

पहिली चूक आलेख काढायच्या आधीच होते. वेग ताशी किलोमीटरमध्ये, वेळ सेकंदांत आणि मिनिटांत, आणि तिन्ही आकडे तसेच्या तसे कागदावर. आधी सगळं मीटर आणि सेकंदात आणा. ५४ ला ३.६ ने भागलं की १५ मी/से, आणि २ मिनिटांचे १२० सेकंद. एकूण वेळ १७० सेकंद.

आता आलेख काढला की वर चढणारी तिरपी रेघ, मग आडवी रेघ, मग खाली उतरणारी रेघ दिसते. इथे बरीच मुलं १५ गुणिले १७० करून २५५० मीटर लिहितात. म्हणजे गाडी सुटल्या क्षणापासून थांबेपर्यंत १५ च्याच वेगाने पळाली, असं धरलं. आडव्या रेघेखाली आयत आहे, तिथे हा गुणाकार बरोबर. पण वेग शून्यापासून एकसमान वाढत १५ वर गेला, तेव्हा त्या ३० सेकंदांतला सरासरी वेग साडेसातच. त्रिकोणाच्या सूत्रातलं ‘अर्धा’ येतं ते इथूनच. म्हणून त्रिकोण २२५, आयत १८००, शेवटचा त्रिकोण १५०. एकूण २१७५ मीटर.

ताळा करायचा तर सगळी आकृती एकच समलंब चौकोन धरा. समांतर बाजू १७० आणि १२०, उंची १५. बेरजेच्या निम्मे १४५, गुणिले १५, पुन्हा २१७५. शिवाय २१७५ ला १७० ने भागून सरासरी वेग बघा. तो सुमारे १२.८ येतो, १५ पेक्षा कमी. तो १५ किंवा त्याहून जास्त आला असता, तर कुठेतरी चूक झाली हे नक्की; बहुधा ‘अर्धा’ राहिला.

गाडी सुरुवातीलाच चालती असेल तर रेघ शून्यातून निघत नाही. वेग १० सेकंदांत ५ वरून १५ मी/से झाला, तर वरचा त्रिकोण ५० मीटरचा आणि त्याच्या खालचा आयतही ५० मीटरचा. हा आयत हमखास विसरला जातो, कारण नजर तिरप्या रेघेवर असते. क्षेत्रफळ नेहमी काळाच्या अक्षापर्यंत, म्हणजे वेग शून्य असलेल्या रेघेपर्यंत घ्यायचं.

एकदा एका मुलीने याच एसटीचं उत्तर ‘४३.५ चौ. सेमी’ लिहिलं होतं. तिने आलेख सुरेख काढला होता: आडवा १ सेमी म्हणजे १० सेकंद, उभा १ सेमी म्हणजे ५ मी/से. मग पट्टीने बाजू मोजून क्षेत्रफळही अचूक काढलं. फक्त एवढंच राहिलं की आलेखावरचा एक चौ. सेमी म्हणजे १० गुणिले ५, अर्थात ५० मीटर. ४३.५ ला ५० ने गुणलं की २१७५. मी/से ला सेकंदाने गुणल्यावर मीटरच उरतात, म्हणून या क्षेत्रफळाचं एकक कधीच चौरस नसतं.

सगळ्यात फसवा भाग रेघ अक्षाच्या खाली गेली की सुरू होतो. समजा एका वस्तूचा वेग १२ मी/से वरून एकसमान कमी होत ६ सेकंदांनी उणे ६ झाला. दर सेकंदाला वेग ३ ने घटतो, म्हणजे चौथ्या सेकंदाला तो शून्य होतो. तिथे वस्तू क्षणभर थांबून उलटी फिरते. अक्षाच्या वरचा त्रिकोण २४ मीटर, खालचा ६ मीटर. वस्तू २४ मीटर पुढे गेली आणि ६ मीटर मागे आली. कापलेलं अंतर ३०, विस्थापन १८.

समलंबाचं सूत्र डोळे झाकून वापरलं, १२ आणि उणे ६ ची सरासरी ३ घेऊन तिला ६ ने गुणलं, तर १८ येतात. आकडा खोटा नाही, पण ते विस्थापन आहे, अंतर नाही. कोणी उणे चिन्ह खोडून १२ आणि ६ ची सरासरी ९ घेतो आणि ५४ लिहितो; ते तर ना अंतर, ना विस्थापन. म्हणून रेघ अक्षाला छेदताना दिसली की तो क्षण आधी शोधा, आलेखाचे तिथेच दोन भाग करा, आणि मग प्रश्न पुन्हा वाचा: ‘अंतर’ विचारलंय तर दोन्ही भागांची बेरीज, ‘विस्थापन’ विचारलंय तर वजाबाकी.